नगामागे १२ कर लावला. माझी किंमत ५२ येते, पुस्तकातली ४८. चूक कोणाची?

ओवी_लिहिते

पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीत एका उदाहरणापाशी मी दोन दिवस अडकून पडले आहे. बाजारात क आणि ख अशा दोनच कंपन्या आहेत. दोघींचा माल अगदी एकसारखा आहे आणि किती नग काढायचे हे दोघी एकाच वेळी, एकमेकींना न विचारता ठरवतात. एकूण जेवढा माल बाजारात येईल त्यावरून किंमत ठरते: किंमत = १०० − एकूण उत्पादन. प्रत्येक नगाचा खर्च दोघींनाही १० येतो. कर नसताना प्रत्येकी ३० नग, एकूण ६० आणि किंमत ४०, इथपर्यंत माझे उत्तर पुस्तकाशी जुळते.

आता सरकार दर नगामागे १२ कर लावते. मी असा विचार केला की कंपनीच्या दृष्टीने नगाचा खर्च १० वरून २२ झाला. समोरची कंपनी ३० नग काढते आहे, म्हणजे माझ्यासाठी १०० − २२ − ३० = ४८ एवढी जागा उरते आणि तिच्या निम्मे, म्हणजे २४ नग काढणे सर्वांत फायद्याचे ठरते. दोघी सारख्याच असल्यामुळे प्रत्येकी २४, एकूण ४८, किंमत ५२. किंमत बरोबर १२ ने वाढली, म्हणजे सगळा कर ग्राहकावर गेला. हे उत्तर मला पटलेही होते, पण पुस्तकात किंमत ४८ दिली आहे. हा मुद्रणदोष असावा का?

सरळरेषा

माझ्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. मागणी सरळ रेषेत असली की किंमत कराच्या निम्म्याने वाढते, हा जुना नियम आहे, कारण सीमांत प्राप्तीची रेषा मागणीच्या रेषेपेक्षा दुप्पट उताराची असते. कंपन्या एकसारख्या आहेत, म्हणून दोघींचे उत्पादन सुरुवातीलाच समान धरावे. प्रत्येकीचे उत्पादन न मानले, तर किंमत १०० − २न होते आणि नफा (१०० − २न − २२) गुणिले न. हा नफा न = १९.५ असताना सर्वाधिक होतो आणि किंमत ६१ येते. कर नसताना याच रीतीने किंमत ५५ येते. वाढ ६ ची, म्हणजे बरोबर निम्मी. तुमचे मूळचे ४० कुठून आले तेच मला कळलेले नाही.

जुना_फळा

ओवी, छपाईची चूक नाही. उत्तर ४८ हेच आहे. तुमची चूक मात्र अशी आहे की ती करणारा विद्यार्थी मला जवळजवळ प्रत्येक वर्गात भेटला आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुम्ही क चा प्रतिसाद काढलात तो ख अजून ३० वर आहे असे समजून, आणि ख चा काढलात तो क अजून ३० वर आहे असे समजून. उत्तर मात्र असे आले की दोघीही ३० वर नाहीत. म्हणजे प्रत्येकीने ज्या समजुतीवर निर्णय घेतला ती समजूत तुमच्याच उत्तराने खोटी ठरवली. पडताळा सोपा आहे: ख २४ वर असेल तर क ने काय करावे? १०० − २२ − २४ = ५४, त्याचे निम्मे २७. म्हणजे २४ ला २४ हे उत्तर नाही, आणि म्हणून तो समतोलही नाही. पुढे चालत राहा. २७ ला प्रतिसाद २५.५, त्याला २६.२५, आणि असे दोन्हीकडे हेलकावे घेत आकडा २६ वर स्थिरावतो. २६ ला प्रतिसाद काढून पाहा: १०० − २२ − २६ = ५२, निम्मे २६. इथे कोणालाच हलावेसे वाटत नाही. एकूण ५२, किंमत ४८.

सरळरेषा, तुमचे गणित बरोबर आहे, पण ते वेगळ्या प्रश्नाचे आहे. नफा सर्वाधिक करण्याच्या आधीच तुम्ही दोन्ही उत्पादने समान धरलीत. याचा अर्थ असा होतो की क ने एक नग कमी केला की ख सुद्धा आपोआप एक कमी करील, असे क ला वाटते. तसे वाटायला दोघींचा मालक एकच हवा. म्हणून तुम्हाला मक्तेदाराची किंमत मिळाली आणि मक्तेदाराचाच ‘निम्मा’ नियम मिळाला. ख १९.५ वर थांबली असेल तर क ला २९.२५ नग काढणे फायद्याचे असते, एवढे तपासले तरी हे लक्षात येईल. समानतेचा वापर करायचा तो प्रत्येकीची अट लिहून झाल्यावर, तिच्या आधी नाही.

पायऱ्यांनी चालत न बसता थेट उत्तर हवे असेल तर असे करा. या उदाहरणात प्रत्येक कंपनीची अट अशी आहे: किंमत − स्वतःचे उत्पादन = खर्च + कर. कारण आणखी एक नग विकला तर किंमत मिळते, पण आपल्या आधीच्या प्रत्येक नगावर एकेक गमवावा लागतो. दोघींच्या अटींची बेरीज करा: दोन किमती − एकूण उत्पादन = ४४. एकूण उत्पादन म्हणजे १०० − किंमत. म्हणून तीन किमती = १४४, किंमत ४८. तीनपट किमतीच्या समोर कर दोनदा येतो, म्हणून वाढ कराच्या दोन तृतीयांश. कंपन्या चार असतील तर पाचपट किमतीसमोर कर चारदा येईल आणि वाढ चार पंचमांश होईल. कंपनी एकच असेल तर निम्मी, आणि तो सरळरेषांचा नियम.

ऑग्युस्तँ कूर्नो यांनी १८३८ सालच्या ग्रंथात मक्तेदारीवरील कराला स्वतंत्र प्रकरण दिले आणि दोन झऱ्यांच्या मालकांचे प्रसिद्ध उदाहरण त्याच्या पुढच्या प्रकरणात घेतले. ‘निम्मा’ नियम एका प्रकरणातून दुसऱ्यात तसाच उचलून आणण्याचा मोह त्यामुळे समजण्यासारखा आहे.

मध्यान्ह

मी १२ टक्के धरून केले तर किंमत ४०.९१ आली. ४८ च्या जवळपाससुद्धा नाही. काय चुकते आहे?

जुना_फळा

चुकले काही नाही, प्रश्न बदलला. नगामागे १२ म्हणजे नग ४० ला विकला काय किंवा ४८ ला, सरकारला १२ च मिळणार. तुमच्या बारा टक्क्यांत सरकारला नगामागे पाचसुद्धा मिळत नाहीत, त्यामुळे किंमतही जेमतेम हलते. दोन्ही करांची तुलना करायची असेल तर सरकारचे उत्पन्न समान ठेवून करावी लागते. तो विषय मोठा आहे आणि या धाग्याचा नाही.

ओवी_लिहिते

सर, मनापासून आभार. २४ ला २४ लावून पाहायचे मला सुचलेच नव्हते. आता दोन गोष्टी विचारते.

पहिली अशी की, तुमची हेलकाव्यांची रीत मी तीन कंपन्यांना लावून पाहिली आणि ती संपतच नाही. कर नसताना प्रत्येकी २२.५ येते. कर लागल्यावर तिघींचा प्रतिसाद १६.५, त्याला प्रतिसाद पुन्हा २२.५, पुन्हा १६.५. मग समतोल आहे की नाही?

दुसरी अशी की, किंमत ८ ने वाढली आणि कर १२ आहे. म्हणजे दोन तृतीयांश करभार ग्राहकावर आणि उरलेला एक तृतीयांश कंपन्यांवर, असे परीक्षेत लिहिले तर चालेल ना?

जुना_फळा

समतोल आहे, प्रत्येकी १९.५. तिघींनी एकाच वेळी, समोरच्या दोघी जागच्या हलणार नाहीत असे समजून उडी मारली, तर दर वेळी चूक तेवढीच राहते आणि फक्त तिची बाजू बदलते. चार कंपन्या घेतल्या तर चूक वाढतच जाते. म्हणून हेलकाव्यांची रीत उत्तर पडताळण्यासाठी वापरावी, उत्तर शोधण्यासाठी अटींची बेरीजच करावी. शिवाय या मांडणीत कंपन्या खरोखर अशा उड्या मारत समतोलाला पोचतात असा दावा नाही. ते आपले समजून घेण्याचे साधन आहे.

दुसऱ्या प्रश्नावर हिशेबनीस यांनी लिहावे असे मला वाटते. मागे एका धाग्यावर त्यांनी माझीच कानउघाडणी केली होती.

हिशेबनीस

कानउघाडणी नव्हती, पण मुद्दा तोच आहे. ओवी, परीक्षकाला बहुधा चालेल. खरे मात्र नाही.

किमतीत कराचा किती भाग उतरला हा एक प्रश्न आहे आणि नुकसान कोणाचे किती झाले हा दुसरा. पूर्ण स्पर्धेत, नगाचा खर्च स्थिर असताना, दोन्हींचे उत्तर एकाच दिशेला जाते, म्हणून आपल्याला ते एकच वाटू लागतात. इथे तसे नाही. तुमचेच आकडे घेऊ.

कर नसताना प्रत्येक कंपनीचा नफा ३० नगांवर प्रत्येकी ३०, म्हणजे ९००. कर लागल्यावर किंमत ४८, त्यातून खर्च १० आणि कर १२ गेला की नगामागे २६ उरतात, आणि नगही २६ च आहेत, म्हणून नफा ६७६. दोघींचे मिळून नुकसान ४४८. आता ग्राहकांचे पाहू. उरलेल्या ५२ नगांवर त्यांनी ८ जास्त दिले, ते झाले ४१६. जे ८ नग त्यांनी घेणेच सोडले, त्यांवरचे गेलेले संतोषाधिक्य ८ गुणिले ८ च्या निम्मे, म्हणजे ३२. एकूण ४४८.

दोघांचे नुकसान सारखेच! दोनास एक असे प्रमाण कुठेच दिसत नाही. फरक पडतो तो असा: कंपन्यांचा नगामागचा नफा ३० वरून २६ झाला, हे ४ चे नुकसान ५२ नगांवर २०८ होते आणि तुमच्या एक तृतीयांशात तेवढेच मोजले जाते. पण न विकल्या गेलेल्या ८ नगांवर कंपन्यांना प्रत्येकी ३० मिळत होते, ते २४० त्यात कुठेच आलेले नाहीत. पूर्ण स्पर्धेत शेवटच्या नगावर नफा नसतो, म्हणून तो नग गेला तरी कंपनीला त्याचे काही वाटत नाही. अल्पाधिकारात प्रत्येक नग भरघोस नफ्याचा असतो, म्हणून नग गेला की दुखते.

सरकारला मिळाले १२ गुणिले ५२, म्हणजे ६२४. सर्वांनी मिळून गमावले ८९६. मधले २७२ कोणालाच मिळाले नाहीत. पाठ्यपुस्तकात ज्या त्रिकोणाची आकृती काढतात तो या २७२ पैकी फक्त ३२ चा आहे. उरलेले २४० हे कर लागण्याआधीच किंमत खर्चाच्या चौपट होती याचे फळ आहे. उत्पादन आधीच हवे त्यापेक्षा कमी होते आणि कराने ते आणखी कमी केले.

सरळरेषा

४४८ आणि ४४८ हा आकड्यांचा योगायोग वाटतो. १२ च्या जागी दुसरा कर घेतला तर बिघडेल.

हिशेबनीस

कर कितीही घ्या, बिघडणार नाही. कंपन्या मात्र दोनच हव्यात. सरळ रेषेच्या मागणीत ग्राहकांचे संतोषाधिक्य एकूण उत्पादनाच्या वर्गाच्या निम्मे असते. सारख्या कंपन्यांचा एकूण नफा म्हणजे त्याच वर्गाला कंपन्यांच्या संख्येने भागलेला आकडा. दोन कंपन्या असल्या की दोन्ही राशी एकच होतात. चार असल्या तर ग्राहकांचे नुकसान कंपन्यांच्या दुप्पट, आणि मक्तेदार एकटा असेल तर त्याच्या नुकसानीच्या निम्मेच ग्राहकांचे. योगायोग म्हणायचाच तर दोन या संख्येचा म्हणा.

सरळरेषा

मान्य. ‘निम्मा’ नियमही मागे घेतो. मक्तेदारापुरता तो ठेवायला हरकत नसावी.

पुठ्ठा_कारखानदार

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नाही, पुठ्ठ्याची खोकी करतो. हा धागा वाचून मला राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या मालावर नगामागे आकार लागू झाला तेव्हा आम्ही तिघे उत्पादक होतो. तुमच्या हिशेबाने भाव आकाराच्या तीन चतुर्थांशाने वाढायला हवा होता. प्रत्यक्षात आकारापेक्षा जास्त वाढला, आणि वर्षाच्या आत तिघांपैकी एकाने कारखाना बंद केला. तेव्हा भाव कराएवढासुद्धा वाढू शकत नाही असे तुमची मांडणी सांगत असेल, तर ती मांडणी आमच्या धंद्याला लागू नाही.

जुना_फळा

तुमचा आक्षेप योग्य आहे आणि त्याला किमान दोन वेगळी उत्तरे आहेत.

पहिले उत्तर मागणीच्या आकाराचे. वर जे काही लिहिले ते सरळ रेषेवर उभे आहे. मागणी वक्र असेल, आणि किंमत कितीही असली तरी ती एक टक्का वाढल्यावर खप ठरावीक टक्केच घटत असेल, तर कंपन्या आपल्या नगामागच्या एकूण खर्चावर ठरावीक पट लावतात आणि ती पट करालाही लागते. दोन कंपन्या आणि खपाची घट दीड टक्का असेल, तर किंमत कराच्या दीडपट वाढते. म्हणजे दोन तृतीयांश हा आकडा अल्पाधिकाराचा गुणधर्म नाही, तो अल्पाधिकार आणि सरळ रेषा या जोडीचा आहे. ओवी, परीक्षेत ‘सरळ मागणी असल्यामुळे’ हे शब्द गाळू नका.

दुसरे उत्तर तुमच्या बंद पडलेल्या सहकाऱ्याचे आहे, आणि ते सरळ रेषेवरसुद्धा चालते. ओवीच्याच उदाहरणात प्रत्येक कंपनीला चालू राहण्यासाठी ९०० चा ठोक खर्च आहे असे समजा. कर नसताना दोघी जेमतेम तग धरून आहेत. कर लागला की प्रत्येकीचा वरकड ६७६ होतो आणि दोघींना २२४ चा तोटा होतो. एक कंपनी निघून गेली तर दुसरी एकटी ३९ नग काढते, किंमत ६१ होते, वरकड १५२१ होतो आणि ठोक खर्च भागून वर ६२१ उरतात. किंमत ४० वरून ६१, म्हणजे १२ च्या करावर २१ ची वाढ. त्यातले ८ कराचे आणि १३ स्पर्धक गेल्याचे.

हिशेबनीस

इथे थोडी असहमती नोंदवतो. ९०० हा आकडा तुम्ही मुद्दाम अगदी काठावरचा निवडला आहे. ठोक खर्च लहान आणि कंपन्या पुष्कळ असतील तर उडी इतकी मोठी नसते. येण्या-जाण्याला अडथळा नसेल तर नफा ठोक खर्चाएवढाच उरेपर्यंत कंपन्या घटतात, म्हणून टिकलेल्या प्रत्येक कंपनीचे उत्पादन कर लागण्यापूर्वी होते तेवढेच राहते. उत्पादन तेवढेच म्हणजे नगामागचा नफाही तेवढाच, आणि म्हणून किंमत वाढते ती बरोबर कराएवढी. गंमत अशी की दीर्घकाळात ओवीचे पहिले, चुकीच्या वाटेने आलेले उत्तर बरोबर ठरते, फक्त कारण निराळे.

जुना_फळा

ते खरे, पण त्यासाठी तुम्हाला कंपन्यांची संख्या पावणेसहा किंवा साडेचार असू द्यावी लागते. दोन-तीन कंपन्यांच्या बाजारात उडी हाच मुख्य परिणाम असतो, किरकोळ दुरुस्ती नव्हे. आणि दोघींनाही सारखाच तोटा होत असताना कोणती जाईल हे ही मांडणी सांगत नाही. प्रत्येकीला दुसरी जाण्याची वाट पाहणे परवडते, निदान काही काळ.

पुठ्ठा_कारखानदार

जो बंद पडला त्याचा नगामागचा खर्च आमच्यापेक्षा कमी होता. यंत्रे नवीन होती, पण त्यांचे कर्जही नवीन होते. तेव्हा ठोक खर्चाची गोष्ट मला पटते. पण एक गोष्ट त्यात बसत नाही. भाव आकारापेक्षा वर गेला तो त्याचा कारखाना बंद होण्याच्या दोन महिने आधी, तिघेही माल काढत असताना.

ओवी_लिहिते

म्हणजे मागणी वक्र होती असे समजायचे का?

जुना_फळा

तेवढ्यावरून सांगता येणार नाही. वक्र मागणीनेही असे होईल. तो जाणार हे उरलेल्या दोघांना आधीच दिसले असेल आणि तिसऱ्याने कच्चा माल घेणे कमी केले असेल, तरीही असेच होईल. कारखानदारसाहेब, त्या दोन महिन्यांत तिघांनी मिळून किती खोकी काढली आणि त्यात त्याची किती होती, हे वहीत सापडेल का? त्याची एकट्याचीच घटली असतील तर दुसरी शक्यता, तिघांची सारखी घटली असतील तर पहिली.

पुठ्ठा_कारखानदार

आमची वही आहे. त्याची नाही. कागद पुरवणारा आम्हा तिघांचा एकच होता, त्याला विचारून पाहतो.